‘कंपनी बुडाली’ असा मेसेज फिरला, तर पहिल्या दिवशी काय लिहायचं?



पोस्ट जरा मोठी आहे, पण आपल्यापैकी बरेच जण इथे छोटा-मोठा व्यवसाय करतात आणि उरलेले त्यांचे गिऱ्हाईक आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय. मैत्रिणीची परवानगी घेतली आहे आणि आकडे थोडे बदललेत.

दिवाळीला तीन आठवडे होते. आमच्या इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, मराठी पालकांच्या ग्रुपवर रात्री दहाला एक स्क्रीनशॉट आला. फराळ करून विकणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीच्या कंपनीचं कंपनीज हाउसच्या वेबसाइटवरचं पान. त्यावर लिहिलेलं: Active proposal to strike off. आणि खाली पाठवणाऱ्याची ओळ: "कंपनी बुडाली. ॲडव्हान्स दिला असेल तर विसरा."

साडेदहापर्यंत "आमचे ४५ पौंड गेले का?" असे मेसेज सुरू झाले. पावणेअकराला तिचा मला फोन. मी तिची अकाउंटंट नाही, पण चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि तिच्या चकल्यांची जुनी गिऱ्हाईक आहे. तिने ग्रुपवर टाकायला लिहिलेलं वाचून दाखवलं: "हे सगळं धादांत खोटं आहे. बदनामी करणाऱ्यांना कोर्टात खेचू. तुमचे पैसे १०० टक्के सुरक्षित आहेत."

मी म्हटलं, "अगं, थांब. यातलं एकही वाक्य तुला आज लिहिता येणार नाही."

का, ते सांगते. आधी ते पान. इथे प्रत्येक कंपनीला वर्षातून एकदा कन्फर्मेशन स्टेटमेंट भरावं लागतं. कंपनीचे संचालक, भागधारक वगैरे माहिती अजून बरोबर आहे, एवढंच ते सांगतं. नफा-तोट्याचा त्यात संबंध नाही. ते भरलं नाही तर कंपनीज हाउस पत्रं पाठवतं, उत्तर आलं नाही तर गॅझेटमध्ये नोटीस छापतं, आणि त्यानंतर किमान दोन महिन्यांनी कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढू शकतं. मैत्रिणीने स्वयंपाकघर नव्या जागी हलवलं होतं, पण नोंदणीचा पत्ता बदलायचा AD01 फॉर्म राहून गेला. पत्रं जुन्या पत्त्यावर पडून राहिली.

म्हणजे कंपनी बुडालेली नव्हती, पण नोटीस खरी होती. आणि कंपनीज हाउसचं रजिस्टर कुणीही फुकट बघू शकतं. तिने "सगळं खोटं" लिहिलं असतं, तर दोन मिनिटांत कुणीतरी गॅझेटची नोटीस शोधून टाकली असती, आणि मग तिच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता. अफवेत बहुतेक वेळा एक खरा कण असतो. तो आपण स्वतः आधी सांगायचा. दुसऱ्याने काढून दाखवला तर आपण लपवत होतो असं ठरतं.

आता "१०० टक्के सुरक्षित". अकाउंटंट म्हणून हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं. गिऱ्हाइकाने दिलेला ॲडव्हान्स हे कंपनीचं उत्पन्न नसतं, देणं असतं. फराळाचा डबा हातात पडेपर्यंत कंपनी त्या माणसाचं देणं लागते. ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेले नसतील आणि कंपनी खरंच बुडाली, तर गिऱ्हाईक इतर सामान्य देणेकऱ्यांबरोबर रांगेत उभं राहतं. मग १०० टक्के कुठून आलं?

म्हणून त्या रात्री आम्ही आधी हिशोब मांडला. १४० ऑर्डरी, प्रत्येकी ४५ पौंड, म्हणजे ६,३०० पौंड ॲडव्हान्स. बँकेत ८,९०० पौंड. महिनाअखेरपर्यंत भाडं आणि मदतनीसांचे पगार मिळून २,१०० द्यायचे. उरले ६,८००. म्हणजे उद्या सगळ्यांनी पैसे मागितले तरी देता येतील, जेमतेम. म्हणूनच "हवे असतील तर परत घ्या" हे वाक्य तिला लिहिता आलं. बँकेत ६,००० असते, तर मी तिला ते लिहू दिलं नसतं. देता येणार नाही हे माहीत असताना दिलेलं आश्वासन संचालकाच्या स्वतःच्या अंगावर येऊ शकतं.

याला होल्डिंग स्टेटमेंट म्हणतात: पूर्ण खुलासा हातात यायच्या आधी द्यायचं तात्पुरतं निवेदन. तिने सकाळी सात वाजता कन्फर्मेशन स्टेटमेंट आणि AD01 ऑनलाइन भरले, आणि आठ वाजता हे टाकलं:

"नमस्कार. आमच्या कंपनीबद्दल कंपनीज हाउसची एक नोटीस फिरते आहे. ती खरी आहे. आमचं वार्षिक कन्फर्मेशन स्टेटमेंट वेळेवर भरलं गेलं नाही, ही माझी चूक. ते आज सकाळी भरलं आहे. वेबसाइटवरची नोंद बदलायला काही दिवस लागतील, तोपर्यंत तिथे जुनंच दिसेल. कंपनी दिवाळखोरीत नाही. दिवाळीच्या ऑर्डरी ठरल्याप्रमाणे मिळतील. कुणाला ॲडव्हान्स परत हवा असेल तर शुक्रवारपर्यंत मला कळवा, सोमवारी पैसे खात्यात येतील. पुढची माहिती गुरुवारी संध्याकाळी इथेच देईन."

बस. अफवा पसरवणाऱ्याचं नाव नाही, "बुडाली" हा शब्द नाही, कोर्ट नाही. "काही दिवस जुनंच दिसेल" हे वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तेच पान पुन्हा उघडून "अजून तसंच आहे" म्हणालं असतं. आणि गुरुवारी नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी "नवीन काही नाही" एवढं लिहायचंच. वेळ दिली की पाळायची.

एका मित्राचं म्हणणं होतं, गप्प बस, दोन दिवसांत लोक विसरतील. मला ते पटत नाही. ॲडव्हान्स घेतलेला असताना गप्प बसणं म्हणजे लोकांना आपापल्या भीतीवर सोडून देणं. आणि प्रत्येकाला खासगीत वेगवेगळं समजावत बसलं, की चार जणांकडे चार गोष्टी होतात. एकच मजकूर, एकाच जागी, हे बरं.

अकरा जणांनी पैसे परत मागितले, सोमवारी मिळाले. त्यातल्या चौघांनी पुन्हा ऑर्डर दिली. पुढच्या आठवड्यात पानावर Compulsory strike-off action has been discontinued अशी नोंद आली.

आता आपल्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या, वाट्याचं. असा स्क्रीनशॉट आला तर पुढे ढकलायच्या आधी कंपनीचं पान स्वतः उघडा आणि Filing history बघा. लिक्विडेटर नेमला असेल तर तिथे दिसतो, आणि Insolvency असा वेगळा टॅबही असतो. तो टॅब नाही म्हणून कंपनी ठणठणीत आहे असं मात्र समजू नका; रजिस्टरला आजची बँक शिल्लक दिसत नाही. आणि नोटीस म्हणजे अगदीच किरकोळ असंही नाही. दुर्लक्ष झालं आणि नाव खरंच काढलं गेलं, तर कंपनीची मालमत्ता, खात्यातल्या पैशांसकट, सरकारजमा होते. म्हणून शंका आली तर आधी मालकाला सरळ विचारा: काय राहिलंय, कधी भरणार?

आणि व्यवसाय करणाऱ्यांनो, तुमच्या कंपनीचा नोंदणीचा पत्ता कुठला आहे, तो आज रात्री जाऊन बघा. तिथे येणारी पत्रं कोण उघडतं?