नोकरीचे पत्र परभाषेत, सही मात्र मराठी मुलाची

सातारा-पंढरपूर मार्गावरील म्हसवड आणि सारा माण परिसर पावसाने नेहमीच हात आखडता घेतलेला. पलीकडच्या आटपाडी-खानापुरातील माणसे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगली, तीही नात्यातल्या शब्दावर. करारपत्र कोणी मागितले नाही. आजच्या पदवीधर मुलाला मात्र पुण्याच्या कंपनीचे इंग्रजी पत्र येते. घरी पोहोचते ते त्या पत्राचे भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र. ते आधी वडिलांकडे, मग गावातल्या एखाद्या गुरुजींकडे जाते. "गुरुजी, पगार किती लिहिलाय?" एवढाच प्रश्न विचारला जातो आणि सर्वांत मोठा आकडा वाचून दाखवला जातो. फसगतीला सुरुवात इथेच होते.

समजा, पत्रात 'सीटीसी' वार्षिक ४,८०,००० रुपये आहे. घरचे हिशेब करतात, महिना चाळीस हजार. वस्तुतः सीटीसी हा पगार नव्हे. त्या माणसापायी कंपनीला वर्षभरात येणारा एकूण खर्च म्हणजे सीटीसी. त्याची फोड बहुधा शेवटच्या पानावरील परिशिष्टात असते आणि नेमके त्याच पानाचे छायाचित्र कोणी काढत नाही. या चाळीस हजारांत मूळ वेतन २०,००० धरू. कामगिरीवर अवलंबून असणारे ४,००० दरमहा हाती येत नाहीत. वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा २,४०० आणि उपदानाची तरतूद ९६२, हेही आकड्यात धरलेले. उरले ३२,६३८. त्यातून मुलाचा स्वतःचा निधीचा वाटा २,४०० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता खात्यात ३०,०३८ जमा होतात. यात लबाडी नाही. निधीची रक्कम मुलाचीच आहे. उपदान मात्र कायम नोकरीत सामान्यतः पाच वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. पण खोलीचे भाडे आणि घरी पाठवायचे पैसे चाळीस हजारांवर बेतले, तर दरमहा दहा हजारांचा खड्डा पडतो.

दुसरे कलम 'प्रोबेशन'चे. सहा महिने उलटले की मुलगा आपोआप कायम झाला, असे घरचे समजतात. पत्रात मात्र पुष्कळदा असे असते की हा काळ कंपनी वाढवू शकेल आणि कायम केल्याचे लेखी कळवीपर्यंत तो परिवीक्षाधीनच राहील. अशा शब्दरचनेत तारीख उलटण्याला अर्थ नाही. अर्थ आहे तो कायम केल्याच्या पत्राला. सातव्या महिन्यात ते हाती नसेल, तर मुलाने लेखी विचारणा करावी.

खरी मेख तिसऱ्या कलमात, नोटिशीच्या मुदतीत असते. परिवीक्षेत पंधरा दिवस आणि कायम झाल्यावर नव्वद दिवस, असा मजकूर सर्रास आढळतो. ही मुदत दोन्ही पक्षांना सारखी आहे का, हे आधी पाहावे. कर्मचाऱ्याला नव्वद आणि कंपनीला तीस, अशीही पत्रे असतात. नंतर पाहावे की मुदतीऐवजी पैसे भरून सुटता येते का आणि ते कोणत्या वेतनावर. वरच्या उदाहरणातील मुलाला दुसरी चांगली नोकरी मिळाली आणि त्याने एकच महिन्याची नोटीस दिली, तर दोन महिने कमी पडतात. मूळ वेतनावर भरपाई ४०,००० होते. एकूण मासिक वेतनावर ६५,२७६. एका शब्दाचा हा फरक आहे. पैसे स्वीकारणे 'कंपनीच्या मर्जीवर' असे असेल, तर रक्कम हातात असूनही कार्यमुक्तीचे पत्र अडते. न्यायालय कोणाला सक्तीने नोकरीत डांबत नाही, हे खरे. पण नवी कंपनी ते पत्र मागते.

'असले काही लिहिलेलेच असते, कोण विचारतो?' हे सांत्वन आता फारसे टिकणारे नाही. विजया बँकेच्या नियुक्तिपत्रात तीन वर्षांपूर्वी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट होती. २००९ मध्ये राजीनामा देणाऱ्या एका वरिष्ठ व्यवस्थापकाने ती रक्कम निषेध नोंदवून भरली व दाद मागितली. उच्च न्यायालयात तो जिंकला. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली.

१९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायद्याने कारखान्याचे स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वारापाशी लावणे बंधनकारक केले होते. पारतंत्र्यातल्या त्या कायद्याला जे सुचले, ते मुलाच्या हाती पडणाऱ्या व्यक्तिगत पत्राबाबत महाराष्ट्राला अद्याप सुचलेले नाही. १९६४ चा राजभाषा अधिनियम शासकीय कामकाजापुरता आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे सक्तीचे केले. त्याला मराठी प्रत जोडण्याची सक्ती राज्याने आपल्या नियमांत करावी. निदान वेतनाची फोड, परिवीक्षा आणि नोटीस या तीन कलमांपुरती तरी. तोवर गुरुजींनी सर्व पानांची छायाचित्रे मागवावीत, परिशिष्टासह, आणि मुलाने सही करण्यापूर्वी कंपनीला ई-मेलने एकच प्रश्न विचारावा: नोटिशीची भरपाई मूळ वेतनावर की एकूण वेतनावर? येणारे उत्तर जपून ठेवावे.