‘ऑटो’चं मीटर पळतंय, बॉस!

रोजचा दीड जीबी म्हणजे नेमका किती व्हिडिओ? हा प्रश्न मी गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारला. एकाने सांगितलं, ‘दोन पिक्चर आरामात.’ दुसरी म्हणाली, ‘कसले दोन पिक्चर! माझा तर एका मॅचमध्ये उडतो.’ गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. दीड जीबीत पाच-सहा तास बघता येतं आणि अर्ध्या तासात दीड जीबी संपवताही येतो. फरक पडतो तो फक्त एका सेटिंगने, आणि ते सेटिंग आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी उघडलेलं नसतं.

त्या सेटिंगवर लिहिलेलं असतं ‘Auto’. वाचून कसं बरं वाटतं ना! अ‍ॅप हुशार आहे, आपलं भलं बघेल. बघतं की, पण कुठलं भलं? यूट्यूबसारखं अ‍ॅप एकच व्हिडिओ वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवतं: 144p, 240p, 360p, 480p, 720p, 1080p अशी एक शिडीच. प्रत्येक दर्जाचे काही सेकंदांचे छोटे छोटे तुकडे असतात. तुमच्या फोनने मागचा तुकडा किती पटकन उतरवून घेतला, हे बघून पुढचा तुकडा शिडीच्या कुठल्या पायरीवरचा आणायचा ते ठरतं. नेट धावतंय, चढा वर. नेट रखडलंय, उतरा खाली. या सगळ्यात एक गोष्ट अ‍ॅपला कळतच नाही: तुमच्या आजच्या कोट्यात किती शिल्लक आहे. म्हणजे नेटवर्क जितकं झकास, तितका डेटा लवकर खल्लास. रिक्षावाला निदान मीटर समोर ठेवतो, या ‘ऑटो’चं मीटर आपल्याला दिसतही नाही.

आता आमच्या ऑफिसातली डोंबिवलीकर मैत्रीण घ्या. जाता-येता मिळून ट्रेनमध्ये अडीच तास. सकाळी कुकिंगचे आणि मुलाखतींचे व्हिडिओ, संध्याकाळी एखादी सिरीज. प्लॅन दीड जीबी रोजचा. महिनाभर एकच रड: परतीच्या वाटेवर मुलुंडच्या आसपास ‘तुमचा आजचा डेटा संपला’चा मेसेज. व्हिडिओ थांबला तर थांबला, एक डुलकी काढता येते. पण एकदा रात्री साडेदहाला स्टेशनबाहेर उभी राहून तिला कॅब बुक होईना, नकाशा उघडेना, आणि घरी आईला लाइव्ह लोकेशन पाठवलं ते जाईना. कोटा संपल्यावर नेट बंद होत नाही, बऱ्याच प्लॅनमध्ये ते ६४ केबीपीएसवर येतं. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. एक एमबीचा साधा फोटो यायला दोन मिनिटं. नकाशा आणि पेमेंट त्याच चिंचोळ्या बोळातून जाणार! तेव्हा प्रश्न फक्त करमणुकीचा नाही, रात्रीच्या त्या शेवटच्या दोनशे एमबीचा आहे.

‘मग मी बघायचंच सोडू का?’ तिने फणकाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, ‘अगं, सोडू नकोस. मोजून बघ.’

मोजायचं कसं? अगदी सोपं आहे. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात कुठल्या अ‍ॅपने किती मोबाइल डेटा खाल्ला याची यादी असते. वाय-फाय बंद करायचं, यूट्यूबसमोरचा आकडा लिहून ठेवायचा. मग व्हिडिओवरच्या चाकाच्या खुणेत जाऊन दर्जा हाताने 480p करायचा, दहा मिनिटं बघायचं, पुन्हा आकडा बघायचा. वजाबाकी गुणिले सहा, की तासाचा खर्च हातात. त्याच व्हिडिओची पुढची दहा मिनिटं 720p वर आणि त्यापुढची 1080p वर. हा प्रयोग रात्री, उरलेला कोटा बारा वाजता वाया जाणारच असतो तेव्हा करा. फुकटात होईल.

तिचे आकडे असे आले: 480p ला दहा मिनिटांत साधारण ६० एमबी, 720p ला १३०, 1080p ला २६०. म्हणजे तासाला अनुक्रमे ३६०, ७८० आणि १,५६० एमबी. पाहिलंत? दर पायरीला खर्च दुप्पट. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील. खुर्चीत बसून गप्पा मारणारी दोन माणसं असतील तर चित्र फारसं हलत नाही, त्यामुळे कमी डेटा लागतो. मैदान, गर्दी, नाच असेल तर तोच 480p जास्त खातो. म्हणून ज्या प्रकारचे व्हिडिओ तुम्ही रोज बघता, त्यावरच मोजा.

आता बजेट. दीड जीबी म्हणजे हिशोबाला १,५०० एमबी. त्यातले ३०० आधीच बाजूला: व्हॉट्सअ‍ॅप, नकाशा, यूपीआय, ऑफिसची मेल. हे पैसे मोडायचे नाहीत! उरले १,२०० एमबी, भागिले अडीच तास, म्हणजे तासाला ४८०. 720p चे ७८० यात बसत नाहीत, 1080p चं तर नावच नको. 480p चे ३६० मात्र मस्त बसतात, वर दिवसाला ३०० एमबी उरतात. म्हणजे तिची पायरी ठरली: 480p, त्याच्या वर नाही.

‘पण घाण दिसेल ना?’ टीव्हीवर दिसेल. सहा इंचाच्या स्क्रीनवर, हलत्या लोकलमध्ये, हातभर अंतरावरून 480p आणि 1080p मधला फरक शोधायला डोळे फाडावे लागतात. अपवाद एकच: स्क्रीनवरचं बारीक अक्षर. एक्सेलचा क्लास किंवा कोडिंगचं ट्यूटोरियल 480p वर वाचता येत नाही, तेवढ्यापुरतं 720p करा. आणि आठवतंय का, मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागल्यावर नेटवर ताण नको म्हणून भारतातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मिळून मोबाइल नेटवर 480p च्या वर व्हिडिओ न दाखवण्याचं ठरवलं होतं, १४ एप्रिलपर्यंत. अख्ख्या देशाने तेव्हा त्याच पायरीवर बसून बघितलं.

आता इथे एक फसगत होते. व्हिडिओ चालू असताना चाकातून निवडलेला दर्जा फक्त त्या एका व्हिडिओपुरता असतो. पुढचा लागला की स्वारी पुन्हा ‘Auto’वर. कायमचं करायचं तर यूट्यूबच्या Settings मध्ये ‘Video quality preferences’ उघडा. तिथे मोबाइल नेटवर्क आणि वाय-फाय यांचे दोन वेगळे कप्पे आहेत. मोबाइलच्या कप्प्यात ‘Data saver’ निवडा, वाय-फायचा तसाच राहू द्या. ‘Data saver’समोर 480p असा आकडा लिहिलेला नसतो. त्यामुळे एखादा व्हिडिओ लावून चाकात एकदा डोकावा, सध्या कितीवर चाललंय ते कळतं. फारच खाली आला असेल आणि खुपत असेल, तर तेवढ्या व्हिडिओला हाताने 480p द्या.

सिरीजवाल्यांनो, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. नेटफ्लिक्सच्या अ‍ॅपमध्ये App Settings उघडलं की मोबाइल डेटाचं वेगळं सेटिंग मिळतं, आणि कंपनी त्याचे आकडेही देते. ‘Save Data’वर एका जीबीत साधारण सहा तास, ‘Automatic’वर साधारण चार तास, आणि ‘Maximum Data’वर वीस मिनिटांत एक जीबी, कधीकधी त्याहून जास्तही. म्हणजे इथलं ‘Automatic’ चक्क काटकसरी निघालं! तासाला २५० एमबी. शब्द जवळपास तोच, पण यूट्यूबचा ‘Auto’ नेटच्या वेगामागे धावतो आणि हा हात राखून खर्च करतो. त्यामुळे एका अ‍ॅपवरचा अनुभव दुसऱ्याला लावू नका. नेटफ्लिक्सचा भारतातला मोबाइल प्लॅन घेतला असेल तर तो मुळातच 480p चा आहे. आमच्या मैत्रिणीची संध्याकाळची सिरीज ‘Automatic’वरच राहिली, तिथे काही बदलायची गरज नव्हती. गळती होती ती सकाळच्या यूट्यूबमध्ये.

इतकं करूनही कोटा संपतोय? मग एक चोर शोधा: हॉटस्पॉट. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला की त्याच्या दृष्टीने ते सरळ वाय-फाय! फोनमधल्या अ‍ॅपचं ‘Data saver’ लॅपटॉपला लागू होत नाही. तिथे ब्राउझरमध्ये ‘Auto’ मोठ्या स्क्रीनला साजेसा 1080p वर चढून बसतो. हीच गोष्ट दुसऱ्या फोनची किंवा टॅबची. हे ओळखायची खूण म्हणजे अ‍ॅप्सच्या यादीतल्या सगळ्यांचे आकडे माफक दिसतात आणि हॉटस्पॉटसमोरचा आकडा फुगलेला असतो. हॉटस्पॉटवर व्हिडिओ बघायचाच असेल, तर दर्जा त्या लॅपटॉपवर, त्या व्हिडिओला, हाताने खाली आणा.

आणि ‘माझं तर अनलिमिटेड 5G आहे’ म्हणून कॉलर ताठ करणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. फोनवर 5G ची खूण आहे तोवर ठीक. पण ट्रेन पुढे सरकली, बेसमेंटमध्ये गेलात आणि फोन 4G वर उतरला, की डेटा मुकाट्याने रोजच्या कोट्यातून कापला जातो. अ‍ॅपला दोन्ही नेटवर्क मोबाइलचीच, त्यामुळे दर्जा आपोआप खाली येईलच असं नाही. घरी-ऑफिसला 5G आणि वाटेत 4G असेल तर ‘Data saver’ तुम्हालाही लागतं.

सगळ्यात स्वस्त उपाय अर्थात जुनाच: रात्री घरच्या वाय-फायवर दोन एपिसोड उतरवून ठेवायचे. पण सकाळची घाई, फोनमधली जागा आणि ‘आज काय बघावंसं वाटेल’ हे आधी कोणाला ठाऊक! त्या दिवसांसाठी ही पायरी ठरवलेली बरी. आमच्या मैत्रिणीच्या फोनवर हल्ली रात्री घरी पोचताना अडीचशे-तीनशे एमबी शिल्लक असतात. परवा तिने वर फुशारकीही मारली, ‘उरलेल्यात अजून एक मुलाखत बसते.’ मी म्हटलं, ‘बसते. पण कॅबमधून उतरल्यावर बघ.’