रोज वीस नवी कार्डे पुरेत

नीटच्या वर्गांमध्ये आता अँकीची कार्डे सर्रास वापरली जातात. जून-जुलैत विद्यार्थी उत्साहाने रोज शंभर नवी कार्डे उघडतो आणि महिनाभरात उजळणीच्या ढिगाखाली दबून अ‍ॅपच बंद करतो. यात दोष त्याच्या चिकाटीचा नाही, डेक लावून देणाऱ्याचा आहे.

हिशेब सोपा आहे. नवे कार्ड एकदा पाहून संपत नाही. ते काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी पुन्हा समोर येते. त्यामुळे रोज जितकी नवी कार्डे घ्यावीत, त्याच्या साधारण सात ते दहा पट उजळणी काही आठवड्यांत रोजची होऊन बसते. वीस नवी म्हणजे दीडशे ते दोनशे कार्डे, सुमारे अर्ध्या तासाचे काम. शंभर नवी घेतली, तर तेच काम दोन तासांच्या पुढे जाते आणि प्रश्न सोडवायला वेळ उरत नाही.

म्हणून `New cards/day` वीसवर ठेवावे आणि `Maximum reviews/day` किमान दोनशेवर. उजळणी साचली, तर ही दुसरी मर्यादा कमी करू नये. त्याने कार्डे फक्त नजरेआड होतात, थकबाकी तशीच राहते. त्याऐवजी नवी कार्डे शून्यावर आणावीत आणि ढीग उतरला की पुन्हा सुरू करावीत.

आता कार्ड कसे तोडायचे ते पाहू. ‘हृदयचक्राचे वर्णन करा’ हे कार्ड नव्हे, तो दीर्घोत्तरी प्रश्न झाला. विद्यार्थ्याला कालावधी आठवतो, पण झडपा विसरतात. मग तो `Again` दाबतो, तेव्हा येत असलेलेही पुन्हा घोकावे लागते. `Good` दाबतो, तेव्हा विसरलेले तसेच पुढे सरकते. म्हणून एका कार्डाला एकच उत्तर हवे. एका हृदयचक्राचा कालावधी? ०.८ सेकंद. एका ठोक्याला प्रत्येक निलय किती रक्त बाहेर टाकते? सुमारे ७० मिलिलिटर. ‘लब’ आवाज कशामुळे? त्रिदली व द्विदली झडपा मिटल्याने. ‘डब’ कशामुळे? अर्धचंद्राकृती झडपा मिटल्याने. शेवटची दोन एकाच नोटमधून केली असतील, तर ती एकाच दिवशी येऊन एकमेकांचे उत्तर फोडतात. त्यासाठी `Bury new siblings` आणि `Bury review siblings` सुरू ठेवावे.

अशा तोडणीने एका परिच्छेदाची पाच-सहा कार्डे होतात. म्हणजे वीसची मर्यादा दिवसाला तीन-चार परिच्छेदांचीच आहे, हे वेळापत्रक आखताना धरून चालावे. एखादे कार्ड आठ वेळा चुकले की अँकी त्याला `leech` ठरवते. ते तसेच घोकत राहू नये. बहुधा त्यात दोन गोष्टी कोंबलेल्या असतात किंवा मुळात संकल्पनाच कळलेली नसते. पहिल्यासाठी कार्ड तोडावे, दुसऱ्यासाठी फळ्याकडे वळावे.

शिक्षकमित्रहो, येत्या तुकडीला डेक देण्याआधी त्यातली पन्नास कार्डे स्वतः सोडवा. ज्याचे उत्तर एका दमात देता येत नाही, ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचू देऊ नका.