पेपर नापास झाला, की झोप?

मंडळी, बारावीची टेस्ट नापास झाली की घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं, "अजून जागायला पाहिजे होतं." आमच्या काळेवाडीतल्या एका पोरीची गोष्ट मात्र उलटी निघाली, म्हणून लिहितोय. नाव देत नाही, क्लासचंही नाही.

गणिताची टेस्ट, २५ प्रश्न, ५० मार्क. हिला १४. आदल्या रात्री साडेतीनपर्यंत जागून अभ्यास, सकाळी सातला पेपर. एरवीही झोपायला अडीच, आणि पावणेसातची बॅच असल्यामुळे उठायचं पावणेसहाला. म्हणजे रोज सव्वातीन तास झोप. वडील चाकणला सेकंड शिफ्टला, रात्री बाराला घरी येतात, मग जेवण. वन रूम किचन, लहान भाऊ, टीव्ही. अकरानंतरच जरा शांतता मिळते, म्हणून रात्र.

घरी रडारड झाली. दोन दिवसांनी, नीट झोप झाल्यावर, तिच्या मावशीने तिला तोच पेपर कोरा करून पुन्हा सोडवायला बसवलं. चुकलेल्या १८ पैकी १३ गणितं तिला आली. म्हणजे न येणारी फक्त पाच होती. मग त्या १३ चं काय झालं? चारमध्ये "चूक पर्याय कोणता" असं विचारलेलं तिने "बरोबर कोणता" असं वाचलं होतं. पाचमध्ये अधिक-वजाचा घोळ, कच्च्या कामात बरोबर आणि पुढच्या ओळीत चिन्ह गायब. उरलेल्या चारला वेळच राहिला नाही, नुसते गोल काळे केले होते.

खरा पुरावा वहीत सापडला. पोरीला प्रत्येक पानावर वेळ टाकायची सवय आहे. अकराच्या आधी सोडवलेली दहा गणितं मावशीने न बघता सोडवायला दिली, आठ आली. रात्री एकनंतरची दहा दिली, तीन आली. पावणेदोनच्या पानावर तर एकच गणित दोनदा उतरवलेलं होतं, आणि तिला ते आठवतही नव्हतं!

ह्यात नवल नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड ह्यांनी हात-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी घेतली होती. सलग १७ तास जागा असलेला माणूस साधारण १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं त्यात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पावणेसहाला उठलेल्या पोरीचे १७ तास रात्री पावणेअकराला भरतात. म्हणजे तिचा 'खरा अभ्यास' जिथे सुरू होत होता, तिथून पुढे तिला कोणी स्कूटरसुद्धा देऊ नये!

आणि ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ते आपल्याला कळत नाही. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगात काही लोकांना दोन आठवडे रोज सहा किंवा चारच तास झोपू दिलं. त्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली, पण विचारलं तर म्हणायचे, फार झोप येत नाही, ठीक आहे. ही पोरगीही तेच म्हणायची, "मला सवय झालीय."

मग तिने काय केलं? शेजारच्या काकूंच्या वरच्या खोलीत संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ बसायला लागली, अकराला दिवा बंद. झोप पावणेसात तास. तिच्या वयाला आठ ते दहा सांगतात, म्हणजे अजून कमीच. पुढच्या दोन टेस्टना २६ आणि ३१. धडे सोपे असतील असंही कोणी म्हणेल, म्हणा. पण चिन्हांच्या चुका पाचवरून एकावर आल्या, त्याचा धड्याशी काय संबंध?

आता मुद्द्याची गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस मुलांच्या झोपेबद्दल बोलले, आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने निर्णय काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलं केलं. पण उशिरा झोप येणं हा खरं तर वयात येणाऱ्या मुलांच्या शरीराचा प्रकार आहे, चौथीतल्या मुलांचा नाही. अकरावी-बारावीच्या पोरांना ह्या निर्णयात जागा नाही, आणि खासगी क्लासची पावणेसातची बॅच तर कोणीच विचारत नाही.

सगळ्यांच्या शेजारी वरची खोली असलेल्या काकू नसतात. म्हणून आपल्या भागातल्या नगरसेवकांना आणि इच्छुकांना (फ्लेक्सवर तुम्ही दिसताच!) एकच विचारणं आहे: काळेवाडीत संध्याकाळी सहा ते दहा बसता येईल, मुलींना सुरक्षित घरी परतता येईल, अशी अभ्यासिका कुठे आणि कधी देताय? आणि क्लासवाल्या सरांनो, बारावीची सकाळची बॅच साडेआठला घेऊन बघा ना एक महिना. कमेंटमध्ये जागा सुचवा, अर्ज मी लिहितो, सह्या रविवारी काळेवाडी फाट्यावर घेऊ.