उधारीचा हिशेब : जमेला वेगळे कोष्टक हवे

आपल्या अनेक कारागीर व व्यापारी बंधूंनी वही सोडून एक्सेल धरले. ग्राहकांची यादी एका फाइलीत, ऑर्डरी दुसरीत आणि आलेले पैसे ऑर्डरीच्याच ओळीत. आमच्या मते खरा घोटाळा या जमेच्या रकान्यात आहे.

समजा, मालेगावच्या एका लूमवाल्याने १८,००० रुपयांचे कापड दिले. ग्राहकाने आधी १०,००० दिले, मग ५,०००. रकान्यातले १०,००० पुसून १५,००० लिहिले की पहिला हप्ता कधी आला याची नोंदच गेली. उद्या वाद झाला तर दाखवणार काय?

म्हणून डेटाबेसमध्ये ग्राहक, ऑर्डर व जमा अशी तीन कोष्टके करावीत. प्रत्येक ग्राहकाला क्रमांक द्यावा व बाकीच्या दोन कोष्टकांत नावाऐवजी तोच लिहावा. म्हणजे एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिले जाऊन खाते फुटत नाही. प्रत्येक हप्त्याला तारखेसह नवी ओळ द्यावी. येणे बाकी मात्र कुठेही लिहून ठेवू नये. ऑर्डरींच्या बेरजेतून जमेची बेरीज वजा करून ती काढावी. इथे ती ३,००० येते.

एक सावधगिरी हवी. दोन्ही कोष्टके आधी जोडून मग बेरीज केली, तर दोन हप्त्यांमुळे १८,००० दोनदा मोजले जातात आणि बाकी २१,००० दिसते. बेरजा आधी वेगवेगळ्या कराव्यात.

महिनाभर दोन्हीकडे नोंदी ठेवाव्यात. प्रत्येक ग्राहकाची बाकी जुळली, तरच जुनी फाइल बंद करावी.