भाव इनबॉक्समध्ये? मग चकली तुमच्याकडेच ठेवा

दिवाळी जवळ आली की रायपूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर फराळाच्या जाहिरातींचा पूर येतो. गुलाबी पोस्टर, वर पणत्या, खाली ‘आजीच्या हातची अस्सल घरगुती चव’, आणि तळाशी ‘भावासाठी इनबॉक्स’. ताई, आजीच्या हाताबद्दल मला शंका नाही. मला अर्धा किलो चकली हवी आहे. ती केवढ्याला, केव्हा आणि कुठे मिळेल, एवढं तरी सांगा!

भाव लपवल्याने गिऱ्हाईक कुतूहलाने विचारतं, हा भ्रम आहे. चार जणी विचारतात, बाकीच्या दुसरीकडून घेतात. आणि त्या चौघींना तेच उत्तर टाइप करताना तुमची कढई गॅसवर असते.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये नाव, भाव, वर्णन, कोड यांचे रकाने आहेत. ते फुकट आहेत, तरी आपण पोस्टरच रंगवतो. पोस्टरवरचा जुना भाव फॉरवर्ड होत राहतो आणि वर्षाने कोणीतरी तोच दाखवून भांडतं. कॅटलॉगमधला भाव एका जागी बदलता येतो.

नोंद कशी असावी, ते घ्या:

‘भाजणीची चकली, 500 ग्रॅम
₹280
कोड: CH500
मध्यम तिखट, शेंगदाणा तेलात तळलेली. तांदूळ, हरभरा व उडीद डाळ, तीळ. हवाबंद डब्यात 15 दिवस टिकते. ऑर्डरनंतर 2 दिवसांनी तात्यापाऱ्यातून न्यावी; चौबे कॉलनीत घरपोच ₹40. कोड, पाकिटे आणि पत्ता पाठवा.’

संपलं. वजन नावातच आहे, कारण यादीत नाव आणि भाव आधी दिसतात, वर्णनाच्या सुरुवातीच्या ओळी जेमतेम. म्हणून ‘नमस्कार मैत्रिणींनो’ने ती जागा खाऊ नका. तीळ-शेंगदाणा लिहायलाच हवं. ज्याला त्याची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी ती चवीची बाब नाही.

पाव किलोची नोंद वेगळी करा. ‘250/500 ग्रॅम, भाव अनुक्रमे’ असं एकाच नोंदीत कोंबलं, तर गिऱ्हाईक कार्टमध्ये 2 टाकतं आणि तुम्हाला कळत नाही, अर्धा किलो की किलो. पुन्हा फोन.

‘शुक्रवार रात्री 8 पर्यंतच ऑर्डर’ असली बदलती माहिती नोंदीत घालू नका, ती स्टेटसवर टाका. नोंदीत राहिली की पुढच्या आठवड्यात ती खोटी ठरते. माल संपला तर नोंद लपवा; ‘संपलं बरं का’ असं चाळीस जणींना समजावण्यापेक्षा ते सोपं.

फोटोही एकच पुरे: त्याच पाकिटाचा, दिवसाच्या उजेडातला. नेटवरून उचललेली चकली पाठवणाऱ्या बाई, काटे मोजून घेणारी गिऱ्हाइकं आमच्या कॉलनीत आहेत.