खोली मिळाली म्हणून होकार नको

पंचशीलातलं तिसरं शील आपण प्रत्येक वंदनेला घेतो. कामाच्या बाबतीत चुकीचं वागणार नाही, असं त्यात आपण स्वतःलाच सांगतो. पण चुकीचं म्हणजे नेमकं काय, हे वस्तीतल्या फारच थोड्या घरांत बोललं जातं. मग तरुण पोरं-पोरी ते मित्रांकडून, मोबाईलवरून आणि सिनेमातून शिकतात. आमच्या मते दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध किंवा स्वतःच्या इच्छेशिवाय ठेवलेला संबंध हा चुकीचाच. म्हणून पहिल्या संबंधाआधी ही इच्छा खरंच माझी आहे का, हे तपासता आलं पाहिजे.

असं उघड लिहिणं आपल्या चळवळीला नवं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. प्रश्न विचारणं ही अश्लीलता नाही, ही समज आपल्याकडे तेव्हापासून आहे.

आधी वयाचं स्पष्ट सांगतो. 18 वर्षं पूर्ण होण्याआधीची संमती पोक्सो कायदा मानत नाही. मुलीने मनापासून हो म्हटलं असलं तरी गुन्हा नोंदतो, आणि मुलगा स्वतः 18 च्या आतला असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्यामुळे 18 च्या आत तयार आहे का, हा प्रश्नच नाही. तिथे उत्तर थांबणं हेच. पुढचं सगळं 18 च्या वरच्यांसाठी आहे.

आमच्या महिला मंडळाच्या बैठकीनंतर एक वीस वर्षांची मुलगी मागे थांबली. कॉलेज करून संध्याकाळी दुकानात काम करणारी. एकवीस वर्षांच्या मुलाशी वर्षभर ओळख. त्याच्या मित्राच्या घरचे लग्नाला गावी जाणार होते आणि रविवारी दुपारी दोन तास खोली मोकळी मिळणार होती. "ताई, जाऊ का?" एवढंच तिने विचारलं.

आम्ही हो किंवा नाही म्हटलं नाही, कारण तो निर्णय तिचा होता. वस्तीत दहा बाय बाराच्या घरात सहा माणसं राहतात, एकांत मिळतच नाही. म्हणून मोकळी खोली ही मोठी गोष्ट वाटते आणि 'आता नाही तर कधीच नाही' असा दबाव ती खोलीच तयार करते. तेव्हा पहिल्यांदा आम्ही रविवार बाजूला काढला. हीच खोली पुढचं वर्षभर कधीही मिळणार असेल, तर तू या रविवारी जाशील का? ती म्हणाली, "नाही, मग कशाला घाई?"

दुसरा प्रश्न मैत्रिणींचा. तिच्या गटातल्या तिघी 'आमचं झालंय' म्हणत आणि हिला हसत. आम्ही विचारलं, तू गेलीस हे त्यांना कधीच कळणार नाही असं धर, तरी जावंसं वाटतं का? बराच वेळ ती गप्प राहिली. ज्या इच्छेला कोणाला तरी सांगण्याची गरज लागते, तिच्यातला मोठा भाग गटाचा असतो. शिवाय झालंय म्हणणाऱ्या सगळ्यांचं झालेलं असतंच असंही नाही.

तिसरा प्रश्न कुतूहलाचा. नेमकं काय जाणून घ्यायचंय, असं विचारल्यावर तिने भराभर सांगितलं : दुखतं का, रक्त येतं का, पहिल्या वेळी दिवस जातात का. या प्रश्नांची उत्तरं बसून मिळतात, त्यासाठी खोली लागत नाही. रक्त प्रत्येकीला येत नाही; योनीपटल प्रत्येकीचं वेगळं असतं, त्यावरून कुमारिका ओळखता येत नाही. भीती आणि घाई असेल तर स्नायू आखडतात आणि दुखतं. आणि पहिल्याच वेळी दिवस जाऊ शकतात. उत्तरं मिळाल्यावर ती उत्सुकता कमी झाली, तर ती जाणून घेण्याची इच्छा होती. उत्तरं मिळूनही त्या माणसाजवळ जावंसं वाटत असेल, तर ती वेगळी इच्छा आहे, आणि तीही लाज वाटण्यासारखी नाही.

चौथी गोष्ट सिनेमाची. सिनेमात गाणं संपतं आणि सकाळ होते. निरोध कोणी आणला, पाळीची तारीख काय, हे पडद्यावर कोणी विचारत नाही. शब्दांवाचून कळणं म्हणजे प्रेम, असं आपण त्यातून शिकतो. खऱ्या आयुष्यात जे तोंडाने बोलता येत नाही, ते शरीराने करायची तयारी झालेली नसते. म्हणून आम्ही तिला चार वाक्यं त्या मुलाशी बोलून बघायला सांगितली : निरोध कोण आणणार? पाळी चुकली तर आपण काय करायचं? मोबाईल बाहेर ठेवशील का? आणि मी मध्येच थांब म्हटलं तर थांबशील का?

तिने बोलताना 'या रविवारी नको' असंही सांगितलं. हीच सगळ्यात मोठी परीक्षा असते. नाही ऐकल्यावर समोरचा 'मग तुझं प्रेमच नाही' म्हणतो, दुसरी शोधायची भाषा करतो, की रुसला तरी ऐकून घेतो, ते बघायचं. हा मुलगा दोन दिवस बोलला नाही. मग येऊन म्हणाला, मित्रांनी पैज लावली होती, मलाही भीती वाटत होती. दबाव पोरांवरही असतो, फक्त त्यांना तो सांगायला जागा नसते. दोघांनी थांबायचं ठरवलं.

दोघांनी विचार करून होकारच ठरवला असता, तर आम्ही पुढचं सांगितलं असतं. निरोध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, आशाताईकडेही मिळतो. पाकिटावरची मुदत बघायची, सुरुवातीपासून वापरायचा. 'बाहेर काढीन' हा भरवशाचा उपाय नाही. निरोध फाटला तर तातडीची गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी उपयोगी. ती नेहमीसाठी नाही आणि आजारांपासून वाचवत नाही. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करायची. गर्भ राहिलाच, तर 18 वर्षांवरील स्त्रीला कायदेशीर गर्भपातासाठी नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही, आणि अविवाहितेलाही तो करून घेता येतो. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत.

आईवडिलांना एकच सांगणं. मुलगी किंवा मुलगा असं काही विचारू लागला तर 'कोण आहे तो?', 'कोण आहे ती?' हा पहिला प्रश्न करू नका. तो केला की बोलणं तिथेच संपतं आणि निर्णय त्या मोकळ्या खोलीत होतो. स्वतःला बोलता येत नसेल तर त्यांना सरकारी रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशकाकडे पाठवा, किंवा वस्तीतल्या ज्या बाईवर त्यांचा विश्वास आहे तिच्याकडे. कालामांना बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर न जाता स्वतः तपासायला सांगितलं होतं. आपल्या मुलांना तेवढी तपासायची सवड घरातून मिळाली पाहिजे.